मैनेने आणलेलं हसू

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन डोंगरांवर दोन राज्यं होती आणि निरोप न्यायला होती एक मैना. तिची रीत न्यारी होती. एका दमात जे ऐकू येई तेवढंच ती उचलायची, त्याच सुरात पोचवायची. दम संपला की भुर्रकन उडालीच!

पलीकडच्या डोंगरावर नवा राजा गादीवर बसला. मिठाची वाट त्याच्याच खिंडीतून यायची आणि अलीकडच्या राणीच्या राज्यात मिठाचे रांजण तळाला गेले होते. वाट चालू राहणार की बंद होणार? त्याच्या पहिल्या निरोपाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

एका सकाळी मैना आली. सगळा दरबार तिच्याभोवती गोळा झाला. मैनेने चोच उघडली.

"हा हा हा हा!"

बस्स, एवढंच. पुढे एक शब्द नाही.

सेनापती लालबुंद झाला. "राणीसरकार, ही आपली टिंगल आहे. 'कोणाला हसतोस?' असं खडसावून विचारा."

प्रधान म्हणाला, "छे, आपणही पोट धरून हसू. त्याला वाटेल, आपल्याला सगळं कळलं."

"आणि उद्या त्याने विचारलं, नेमकं कशाला हसलात, तर?" राणी म्हणाली. प्रधान मिशा कुरवाळू लागला.

राजपंडित तर हास्याचे प्रकार सांगायला बसले. त्यांचं उत्तर न्यायला शंभर मैना लागल्या असत्या.

राणीने मैनेकडून ते हसू पुन्हा ऐकलं. "मला यात टोमणा ऐकू येत नाही," ती म्हणाली. "पण तो का हसला, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. खडसावलं तर तो गप्प होईल. लांबण लावली तर कंटाळेल. हलक्या निरोपाला उत्तरही हलकंच हवं. ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारू."

मग मैनेसमोर ती थोडीशी हसली आणि म्हणाली, "हा हा! काय झालं हो? आम्हालाही सांगा की."

मैना उडाली. दरबारात कोणाला बसवेना. सेनापती तर तलवारीची मूठ सोडायला तयार नव्हता.

दुपार कलायच्या आत मैना परतली. आता तिच्या गळ्यात नव्या राजाचा आवाज होता. "पहिलाच निरोप, काय बोलावं सुचेना. तेवढ्यात माकडाने माझं पागोटं पळवून स्वतः घातलं. मला हसू फुटलं आणि मैना उडाली! तुम्ही रागावाल म्हणून घाबरलो होतो. मिठाचे बैल उद्याच निघतील."

दरबार असा हसला की मैनाच दचकली. सेनापतीने तलवारीची मूठ सोडली आणि तोही हसला. दुसऱ्या दिवशी खिंडीत बैलांच्या घंटा वाजल्या आणि घरोघरच्या आमटीला चव आली.

म्हणून लहानथोरांनो, निरोपात नुसतंच हसू आलं तर मनाने अर्थ लावू नये; थोडं हसावं आणि प्रेमाने विचारावं, काय झालं?