बिनगाठीची दोरी

फार पूर्वी डोंगराच्या अलीकडच्या गावात एक विणकरीण राहायची आणि पलीकडच्या गावात तिची मैत्रीण, एक रंगारीण. एकीने विणायचं, दुसरीने रंगवायचं, असं त्यांचं लहानपणापासून चाललेलं.

त्या मुलखात निरोप पोचवायची एक रीत होती. एक म्हातारा निरोप्या गाढव घेऊन डोंगर चढायचा-उतरायचा. निरोपात ऐकणाऱ्याने करायचं असं जे जे काही असेल, त्याची तो दोरीला एकेक गाठ मारायचा. दोरी ज्याची त्याला मिळे. सांगितलेलं काम झालं की ती गाठ सोडायची. गाठी न सोडता दोरी खुंटीला लटकत राहिली, तर लोक ते बरं मानत नसत.

रंगारणीला मुलगा झाला. त्याच आठवड्यात विणकरणीची सासू वारली. ज्या घरात मृत्यू झाला, तिथल्या माणसाने सव्वा महिना बाळंतिणीचा उंबरा चढायचा नाही, असा त्या भागातला दंडक. त्यामुळे विणकरणीने बाळ पाहिलंच नाही. सासूचा माग आवरून ठेवायचा होता, पण तिथेही तिचा हात जात नव्हता.

विसाव्या दिवशी दुपारी निरोप्या दारात आला. त्याच्या हातात दोरी नव्हती.

"बाई, निरोप आहे. पण गाठ मारायला तिने नको म्हटलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'तिला सांगा, मला हे जमत नाहीये.' एवढंच."

विणकरीण उंबऱ्यावरच बसली. "बाबा, तुम्ही पाहिलंत ना तिला? कशी आहे?"

म्हाताऱ्याने पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "कशी असणार? मी गेलो तेव्हा पोर अंगावर होतं. प्यालं, झोपलं. तिने पाळण्यात ठेवलं, तर पाठ टेकायच्या आत जागं. पुन्हा घेतलं. चोळी दुधाने भिजलेली, ताटातली भाकरी सकाळची. मला विचारते, 'बाबा, आज मी आंघोळ केली का हो?' मला काय ठाऊक! आणि संध्याकाळ झाली की पोर तासभर रडतं म्हणे. का रडतं ते कुणालाच कळत नाही. मग तीही रडते."

"घरात कुणी नाही?"

"आहेत की, सगळे आहेत. आणि खुंटी पाहिलीस तर घाबरशील. दोऱ्याच दोऱ्या. मामी सांगते, पोराला सारखं घेऊ नकोस, सवय लागेल. आत्या सांगते, खाली ठेवूच नकोस, दचकतं. एकीचं म्हणणं हळीव खा, दुसरीचं म्हणणं हळीव बाधतात. ही एकेक गाठ बघते नि म्हणते, एकही सुटत नाही, म्हणजे मीच कमी पडते. परवा म्हणाली, 'ह्या पोराला दुसरी आई मिळाली असती तर बरं झालं असतं.'"

विणकरीण उठून आतून नवी दोरी घेऊन आली. "लिहा म्हणावं तर तुम्हाला लिहिता येत नाही. ऐका. तिला सांगा, बाळ झोपेल तेव्हा तूही झोपून घे."

निरोप्याने गाठ मारली.

"ही कशाला? हे तर काळजीपोटी सांगितलं."

"झोपायचं काम तिचं ना? मग गाठ."

"बरं. सांगा, काही लागलं तर कळव."

दुसरी गाठ.

"अहो बाबा!"

"काय लागतंय ते आठवायचं तिने, कळवायचंही तिनेच. माझं गाढव एवढं ओझं उचलत नाही, बाई."

"मग असं सांगा, धीर धर, सगळं नीट होईल."

तिसरी गाठ.

"धीर कुणी धरायचा?" म्हातारा म्हणाला. "मी धरू?"

"सगळ्या बायका ह्यातून जातात, हे सांगू?"

"त्याला गाठ नाही. पण हे मी तिलाच नऊ वेळा पोचवलंय आणि नऊही वेळा तिचं तोंड उतरलेलं पाहिलंय. सगळ्यांना जमतं आणि हिलाच नाही, असं तिला ऐकू येतं."

विणकरणीने दोरी हातात घेतली. तीन गाठी. तिला सासूच्या दहाव्याचा दिवस आठवला. माणसं येत होती. रडू नकोस म्हणत होती, थोडं तरी रड म्हणत होती, आता घर तुलाच सांभाळायचंय म्हणत होती. सगळी भलीच माणसं. पण त्या सगळ्यांत तिला आठवत होती ती फक्त शेजारची म्हातारी. ती आली, भाताचं पातेलं चुलीपाशी ठेवलं, म्हणाली, "तुझी सासू काठ फार सरळ विणायची गं." आणि बसून राहिली. त्या दिवशी विणकरणीच्या घशाखाली पहिल्यांदा नीट घास गेला होता.

तिने एकेक करून तिन्ही गाठी सोडल्या.

"आता ऐका. तिला सांगा: तुझा निरोप मिळाला. तू थकलीस, हे मला कळलं. तुझी मला रोज आठवण येते. बाळाची नाही, अजून मी त्याला पाहिलंही नाही. तुझी. कोपरापर्यंत निळे हात घेऊन माझ्या लग्नात आलेली, ती तू. जमत नाही म्हणालीस त्याही दिवशी तू त्याला घेतलंस, पाजलंस, पुन्हा घेतलंस. बाबांनी डोळ्यांनी पाहिलंय. ह्याला उलट निरोप धाडायचा नाही."

निरोप्याने गाठ मारायला बोटं उचलली. शेवटच्या वाक्याशी अडखळला. मग म्हणाला, "नाही. ह्याने तर तिचं एक काम कमीच झालं. ह्याला गाठ लागत नाही. पण बाई, गाठच नसेल तर मी लक्षात कसं ठेवू?"

"घोका."

आणि खरंच तो बिनगाठीची दोरी घेऊन डोंगरभर घोकत गेला. पुढे तो सांगायचा, गाढवाचंही पाठ झालं होतं.

रंगारीण भिंतीला टेकून बसली होती. पोर छातीवर. दोरी बघताच तिने डोळे मिटले. "बाबा, तेवढी खुंटीला लावा. आज नाही ऐकवत."

"हातात तरी धर."

तिने बोटं फिरवली. एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून. "ह्याला गाठ नाही."

"नाही."

"मग मी करायचं काय?"

"काही नाही. ऐक फक्त."

त्याने निरोप सांगितला. निळ्या हातांपाशी ती हसली आणि पुढे रडली. पोर जागं झालं, रडलं, तिने त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. काहीच बदललं नव्हतं. संध्याकाळी ते तासभर रडणारच होतं. "पुन्हा सांगा ना," ती म्हणाली. त्याने पुन्हा सांगितलं. ऐकता ऐकता बसल्या जागी तिची मान कलली. दोरी मुठीत तशीच राहिली. निरोप्या पाय न वाजवता बाहेर पडला.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी एक बिनगाठीची दोरी डोंगर ओलांडू लागली. कधी निरोप एका वाक्याचाच असे: आज माझ्या मागावर बसले, तुझी आठवण आली. उलट निरोप एकदाही आला नाही. विणकरणीने त्याची वाटही पाहिली नाही.

सव्वा महिना संपायच्या आदल्या दिवशी निरोप्याने तिच्या हातात एक दोरी ठेवली. तिचीच, पहिल्या निरोपाची. तिला एकही गाठ नव्हती, पण ती टोकापासून टोकापर्यंत निळी होती.

"काय सांगितलंय?"

"काही नाही. म्हणाली, नुसती द्या. पोर पाठीला बांधून रंगाच्या हौदाशी उभी होती. अजून थकलेलीच दिसते."

विणकरणीने दोरी पाहिली. मग आत गेली, सासूच्या मागावरची धूळ पुसली आणि दोरीचा पीळ सोडून तो निळा धागा काठाला लावला.

तात्पर्य: थकलेल्या माणसाला असा निरोप धाडावा, की तो ऐकून झाल्यावर त्याच्या हातात एकही काम उरू नये.