आभारपत्रातली उपासमार

फार जुनी गोष्ट आहे, पण जुनी म्हणून खोटी समजू नका. एका डोंगराळ मुलखात एक विद्यालय होतं. सातासमुद्रापलीकडची एक दानशूर बाई तिथल्या गरीब मुलांची फी, पुस्तकं आणि खाणावळ यांचा खर्च उचलायची. बदल्यात एवढंच मागायची, की वर्षाकाठी मुलानं एक पत्र लिहावं, अभ्यास कसा चाललाय ते कळवावं. पत्र इंग्रजीत आणि सोबत मराठी प्रत. प्रतीवर घरच्यांची सही नाहीतर अंगठा, म्हणजे आपलं पोर काय लिहितंय ते घरालाही कळावं.

रीत चांगली होती हो! पण चांगल्याला कीड लावणारे असतातच. मोठे गुरुजी इंग्रजी मजकूर फळ्यावर लिहीत आणि मुलं तो मुकाट उतरवून घेत. मराठी प्रतीत मात्र नुसतं 'आपले फार आभार' एवढंच.

बुरूडकाम करणाऱ्या एका विधवेची लेक, कौतिक, पत्र घेऊन घरी आली. अंगठ्याला शाई लावता लावता आईनं विचारलं, "आणि त्या इंग्रजीत काय लिहिलंयस गं?"

कौतिकची मान खाली गेली. "आम्ही उपाशी झोपतो. आई दारोदार भीक मागते."

"भीक? मी?" आई कडाडली. "बांबू सोलून बोटं रक्ताळली, पण कुणापुढं हात पसरला नाही! मी जिती असताना तू कधी उपाशी निजलीस का?" तिनं शाई पदराला पुसून टाकली.

कौतिकला स्वतःचाच संताप आला. सकाळी ती मोठ्या गुरुजींपुढं उभी राहिली. "हे पत्र मी देणार नाही. मी माझं लिहीन."

"शहाणी आहेस!" गुरुजी खेकसले. "रडल्याशिवाय दाता विरघळत नाही. तुझी शिष्यवृत्ती गेली तर माझ्याकडं येऊ नकोस."

"गेली तर जाऊ दे. पण माझ्या आईला भिकारीण करून मला शिकायचं नाही!"

तिनं लिहिलं, भूमिती जमते, रसायन अजून जमत नाही, खाणावळीत पोटभर मिळतं, आई टोपल्या विणते. तेच मराठीत उतरवलं. आईनं ऐकलं आणि अंगठा उमटवला. प्रत्येक मुलाचं पत्र गेलंच पाहिजे, असा बाईंचा नियम होता. गुरुजींनी चरफडत तेही पाकिटात घातलं.

महिन्या-दोन महिन्यांनी बाईंचं उत्तर आलं, आणि विद्यालयाच्या पंचांनी ते भरसभेत वाचलं: 'कौतिकला आता रसायनाची शिकवणीही लावा. बाकी सगळी मुलं मात्र एकसारख्याच शब्दांत उपाशी आहेत! खाणावळीचे पैसे तर मी दरवर्षी पाठवते. मग ते खातं कोण?'

गुरुजी कात्रीत सापडले. मुलं जेवतात म्हणावं, तर पत्रं खोटी. पत्रं खरी म्हणावीत, तर आपण चोर. शेवटी त्यांनी खोटेपणा कबूल केला, आणि पंचांनी त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं.

बोध: उपकाराचे आभार मानावेत, पण त्यासाठी आपल्या माणसांची अब्रू विकू नये.