चौदाव्या घराची चिठ्ठी

पाव्हणं, खुशाल टेका, पण त्या जोत्यावर नको. घर नाही, भिंत नाही, नुसतं दगडी जोतं, तरी बघा कसं सारवलंय. दाराच्या जागी रांगोळीसुद्धा आहे. आज आमच्या कोनवडीचं भजन आहे आणि भजनाची चिठ्ठी आधी इथे वाचली जाते. ऐकायला कुणी नसलं तरी वाचली जाते.

पूर्वी वाडीत चौदा घरं होती म्हणे. भजनाचं आवतण म्हणजे गुरवाने लिहिलेला एकच कागद. तो पहिल्या घरी जायचा, त्या घराने दुसऱ्याच्या दारात नेऊन द्यायचा. अक्षर येवो न येवो, दारात उभं राहून मजकूर तोंडी सांगायचा. ऐकलेल्याने हळदीकुंकवात बोट बुडवून कागदावर उमटवायचं, म्हणजे पोचली. शेवटच्या घराने कागद देवळात परत करायचा. गुरव बोटं मोजायचा आणि त्यावरून बैठक घालायचा.

त्या साली चिठ्ठीत असं होतं, असं सांगतात: ‘एकादशीस दिवेलागणीला यावे, आरतीआधी कुणी उठू नये. बाया देवाच्या डाव्या अंगाला, बापे उजव्या, म्हातारी माणसे भिंतीकडेला. घोंगडी आपापली आणावी, टाळ असल्यास टाळ, प्रसादाला ओंजळभर भाजके चणे, समईला पळीभर तेल. म्हाळोजीबाबांची जागा खांबापाशी. पहिले पद त्यांनी म्हणावे.’

म्हाळोजीचं घर हे, चौदावं. त्याची बायको सखुबाई वर्षापूर्वी गेली होती. दुखवट्याच्या घराने आपण होऊन कुणाच्या दारी जायचं नाही, शेजाऱ्यांनी बोलवून दुःख मोडायचं, ही रीत. म्हाळोजीचा आवाज असा की समोरचा डोंगर ऐकायचा, पण वर्षभर त्याने टाळाला हात लावला नव्हता. वाडीने मुद्दाम पहिलं पद त्याला दिलं होतं. ते त्याला सांगायचं काम तेराव्या घराच्या गोंदाबाईचं.

आणि गोंदाबाईचा त्याच्याशी अबोला होता! तिच्या फणसाची फांदी त्याने न विचारता तोडली, एवढंच कारण. कुणी मध्यस्थी केली तरी ती म्हणायची, “त्याच्या दारात मी तोंड उघडायची न्हाई.” तोंड न उघडता चिठ्ठी कशी सांगणार? तिने कागद दिवसभर कोनाड्यात ठेवला. संध्याकाळी बोट बुडवून उमटवलं, मग शेजारी दुसरं बोट उमटवलं आणि कुणी नसताना कागद देवळात ठेवून आली. गुरवाने मोजली, चौदा भरली.

एकादशीला समई लागली, घोंगड्या पडल्या, खांबापाशी जागा रिकामीच. गुरव म्हणाला, “थांबू या जरा.” थांबले. कुणीतरी बोलावून आणतो म्हणून उठला, तर जाणत्या माणसांनी त्याला बसवलं. “चिठ्ठी पोचलीया. येत न्हाई म्हंजे दुक्क सरलं नसंल बिचाऱ्याचं. नका छळू.” मायेपोटीच म्हणाले हो ते. गोंदाबाई बायांत बसून सगळं ऐकत होती, पण उठली नाही. भजन सुरू झालं.

दुसऱ्या पदाला वाडीच्या टोकाकडून टाळ ऐकू आला. एकटाच, पण ठेक्याला पक्का. सगळ्यांनी माना वळवल्या. तिसऱ्या पदाच्या मध्यावर तो थांबला आणि परत वाजला नाही.

तेव्हा मात्र गोंदाबाई किंचाळली, “मी सांगितलंच न्हाई त्येला!” आणि अनवाणी धावत सुटली. मागोमाग सगळी वाडी.

म्हाळोजी याच जोत्यावर, दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. अंगात धुतलेली बंडी, शेजारी घडी घातलेली घोंगडी, फडक्यात बांधलेले चणे, तेलाची पळी. आवतण नसतानाही दरसालचं सगळं त्याने तयार ठेवलं होतं, न जाणो कुणी येईल म्हणून. टाळ हातातच होते. प्राण गेला होता.

गोंदाबाईने त्याच्या पायाशी बसून चिठ्ठीचा शब्दन् शब्द सांगितला म्हणे, पहिल्या पदापर्यंत. मग वाडीला हात जोडून म्हणाली, “हितनं फुडं चिठ्ठी हितनंच निघू द्या. आन् ती माझ्या घरानंच सांगायची.” पुढे ती पुष्कळ जगली, पण भजनाला कधी बसली नाही. देवळाबाहेर चपलांपाशी उभी राहायची.

आजही चिठ्ठी या जोत्यावरून निघते. आजही खांबापाशी एक घोंगडी रिकामी असते. समई लागली की पहिल्या पदाएवढा वेळ सगळी वाडी गप्प बसते, तान्ही पोरंसुद्धा रडत नाहीत असं म्हणतात. ते काही खरं नाही, रडतात. पण त्यांना कुणी गप्प करत नाही.

तुम्हीही या. घोंगडी नसली तर माझ्या घरची देतो. गोंदाबाई माझी पणजी. हा बघा कागद, आत्ताच वाचून दाखवलाय म्हाळोजीबाबांना. आता दारोदार नेईन, सगळी बोटं उमटतील. आमच्या घराचं मात्र उमटत नाही. एकदा दोन उमटली, ती आम्हाला अजून पुरताहेत.