ठिपकीची बुंदी आणि दहा सेकंदांचं गाणं

कान इकडे. डोळे इकडे. बोट तोंडातून बाहेर! हं, आता ऐका.

पिंपळ चौकात एक दुकान होतं. दुधाण्यांचं मिठाईचं दुकान. दुकानाच्या उंबऱ्याखाली एक बीळ होतं. बिळात राहायची एक मुंगी. तिचं नाव ठिपकी.

दुधाण्यांच्या घरची एक रीत होती. कढई चढली, बुंदी पडली, की पहिली बुंदी उंबऱ्यावर. कुणासाठी? ठिपकीसाठी! रोज म्हणजे रोज.

एके सकाळी ठिपकी बाहेर आली. तुरुतुरु तुरुतुरु!

बघते तर काय? उंबरा पुसलेला. उंबरा चकचकीत. पण बुंदी नाही!

"असं कसं?" ठिपकी म्हणाली. "माझी बुंदी मी घेणारच!"

निघाली आत. तुरुतुरु तुरुतुरु!

आत तात्या बसले होते. दुकानात सगळ्यांत मोठे तात्या. हातात झारा, पण कढई पालथी.

"तात्या, तात्या, बुंदी पाडा.
माझा उंबरा रिकामा!"

तात्या म्हणाले, "आत्ता नाही गं. आपलं गाणं रेडिओवर लागणार आहे. गाणं लागेल, गिऱ्हाईक धावेल, मग गरम गरम पाडीन. आधी पाडली तर गार होईल. रेडिओवाल्या ताई गाणं लावतील, तर बुंदी पाडीन."

"एवढंच ना? आत्ता सांगते!"

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

समोरच्या माडीवर रेडिओवाल्या ताई. कानाला डबडी, हातात घड्याळ. टिक, टिक, टिक.

"ताई, ताई, गाणं लावा.
तात्या बुंदी पाडेनात.
माझा उंबरा रिकामा!"

ताई म्हणाल्या, "कसं लावू? जागा दहा सेकंदांची. दहा म्हणजे दहा! अकराव्याला बातम्या. आणि ह्यांचं गाणं बघ केवढं!"

ताईंनी कळ दाबली. गाणं सुरू झालं.

"पेढे घ्या हो, बर्फी घ्या हो,
बुंदीचे लाडू, जिलबी घ्या हो,
शेव घ्या हो, चिवडा घ्या हो,
पिंपळ चौकात या हो, या हो,
मिठाई कुणाची? दु..."

कट!

"झाले दहा," ताई म्हणाल्या. "आता दु म्हणजे कोण? दुधी भोपळा? दुकानाचं नावच कापलं गेलं! गाणं म्हणणाऱ्या आत्यांना सांग, भरभर म्हणा. आत्या दहात म्हणतील, तर गाणं लावीन."

"एवढंच ना? आत्ता सांगते!"

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

मागच्या अंगणात आत्या बसल्या होत्या. पुढ्यात पेटी. पों, पों, पों.

"आत्या, आत्या, भरभर म्हणा.
ताई गाणं लावेनात.
तात्या बुंदी पाडेनात.
माझा उंबरा रिकामा!"

आत्यांनी भरभर म्हटलं. "पेढेघ्याहोबर्फीघ्याहोबुंब्लाडूजिब्लीघ्याहो..." आणि ठसका लागला. खॉक, खॉक, खॉक!

"छे गं बाई! श्वास घ्यायला जागाच नाही. गाणं आहे की पोतं? नुसतं ठासून भरलंय! गाणं लिहिलंय काकूंनी. काकू शब्द खोडतील, तर म्हणीन."

"एवढंच ना? आत्ता सांगते!"

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

ओट्यावर काकू बसल्या होत्या. मांडीवर वही, कानावर पेन्सिल.

"काकू, काकू, शब्द खोडा.
आत्या भरभर म्हणेनात.
ताई गाणं लावेनात.
तात्या बुंदी पाडेनात.
माझा उंबरा रिकामा!"

काकू म्हणाल्या, "खोडते की! माझी बर्फी मी ही बघ, आत्ताच खोडली. जिलबी खोडली. शेव खोडली, चिवडा खोडला. पण पेढ्याला हात लावला की काका फुगतात. पेढा त्यांचा ना! ते पेढा सोडतील, तर खोडीन."

"एवढंच ना? आत्ता सांगते!"

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

काका खवा भाजत होते. खर्र, खर्र, खर्र.

"काका, काका, पेढा सोडा.
काकू शब्द खोडेनात.
आत्या भरभर म्हणेनात.
ताई गाणं लावेनात.
तात्या बुंदी पाडेनात.
माझा उंबरा रिकामा!"

"वा गं वा!" काका म्हणाले. "माझा पेढा गाण्यातून बाहेर, आणि तात्यांचा लाडू आत? मी नाही जा! तात्या लाडू सोडतील, तर पेढा सोडीन."

"एवढंच ना? आत्ता सांगते!"

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! कुठे आली? पुन्हा तात्यांकडेच!

धाप लागलेली. पाय दुखलेले. सहाच्या सहा!

"तात्या, तात्या, लाडू सोडा.
काका पेढा सोडेनात.
काकू शब्द खोडेनात.
आत्या भरभर म्हणेनात.
ताई गाणं..."

तात्यांनी ऐकलं. एवढंच ऐकलं. मग वळले, आणि कढई पुसायला लागले.

उंबऱ्याचं राहूनच गेलं!

ठिपकी थांबली. मिशा हलवल्या. विचार केला.

"हात्तिच्या! खरं ते मी शेवटाला ठेवलं. म्हणून कुणी ऐकतच नाही!"

मग चढली. झाऱ्यावर चढली. तात्यांच्या नाकासमोर उभी राहिली. आधी घेतला एक छोटा श्वास. मग म्हणाली,

"रिकामा उंबरा!
रिकामा उंबरा!
तात्या, बुंदी पाडा!"

बास. एवढंच.

तात्या दचकले. उंबऱ्याकडे पाहिलं. कपाळावर हात मारला. टप्प!

"अरे देवा! पहिली बुंदी उंबऱ्यावर, ही माझ्या आईची रीत. आणि गाण्याच्या नादात मीच विसरलो!"

मग तात्या हसले. पोट हलेपर्यंत हसले. हॉ, हॉ, हॉ!

"मुंगी एवढीशी, पण गाणं हिलाच येतं. आधी श्वास. मग थोडकं. आणि महत्त्वाचं दोनदा! अरे, ऐका रे सगळे. घरोघरी बायामाणसं कामात असतात. एक कान रेडिओकडे, एक कान दुधाकडे. सगळी मिठाई कशाला सांगता? नाव सांगा! घ्या, मी माझा लाडू सोडला."

तात्यांनी लाडू सोडला.
मग काकांनी पेढा सोडला.
मग काकूंनी शब्द खोडले.
मग आत्यांनी गाणं म्हटलं. भरभर नाही, मजेत म्हटलं!

ताईंनी घड्याळ धरलं. टिक, टिक, टिक.

"गरम गरम, ताजं ताजं!
गोड कुणाचं?
दुधाण्यांचं! दुधाण्यांचं!
पिंपळ चौक!"

आणि शेवटी तात्यांनी झारा वाजवला. टण्ण!

"दहा!" ताई ओरडल्या. "बरोब्बर दहा!"

मग ताईंनी गाणं लावलं.

गाणं गेलं गल्लोगल्ली. कुणी भांडी घासत ऐकलं. कुणी वेणी घालत ऐकलं. एक आजी काठी टेकत आल्या. ठक, ठक, ठक.

"दुधाण्यांचं ते हेच ना?"

"हेच, हेच! या, बसा!"

आणि मग? मग तात्यांनी कढई चढवली. झारा ठोकला. ठक ठक ठक! बुंदी पडली. टप टप टप! चुर्र चुर्र चुर्र!

"तात्या, मला शेरभर लाडू," आजी म्हणाल्या.

"देतो. पण थांबा हं. पहिला मान दुसरीचा आहे."

पहिली बुंदी पाकात बुडाली. पहिली बुंदी निवली. पहिली बुंदी कुठे गेली?

उंबऱ्यावर!

ठिपकीने बुंदी उचलली. बुंदी मोठी, ठिपकी छोटी. तरी उचलली! आणि चालली बिळाकडे. गाणं म्हणत चालली.

"गरम गरम, ताजं ताजं!
गोड कुणाचं?
ठिपकीचं! ठिपकीचं!
उंबऱ्याखाली!"

टण्ण!

भरला उंबरा, भरलं पोट,
गोष्ट गोड आणि पुसा ओठ!