रणपिसे साहेबांचा माईक

निशिगंध सोसायटीचे चेअरमन रणपिसे साहेब गणपतीत रोज संध्याकाळी स्वतः गात, तेही माईक लावून. त्यांना थांबवायची कुणाची छाती नव्हती.

यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेत्राताई दाबक्यांनी कमिटीला ईमेल धाडला: ‘सातला आरती. मग लगेच ज्येष्ठांची भजनं, कारण त्यांना लवकर जेवून झोपायचं असतं. त्यानंतर मुलांची गाणी. साडेआठला स्पीकर बंद, कारण सहामाही परीक्षा तोंडावर आहे. स्पीकरचं तोंड शेजारच्या बिल्डिंगकडे नको, आपल्या मंडपाकडे असावं. साडेआठनंतर चेअरमन साहेबांचं गाणं, मंडपातच, माईकशिवाय.’

मीटिंगमध्ये साहेब कडाडले, “माईकशिवाय? मग माझं गाणं सातव्या मजल्यावर ऐकू कसं जाणार?”

सुनेत्राताई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, गेल्या वर्षी ते वरपर्यंत ऐकू गेलं, म्हणून लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. यंदा वर ऐकू नाही गेलं, तर ऐकायला लोक खाली येतील.”

सगळे हसले. साहेबांनी घुश्शातच त्या वेळापत्रकावर सही ठोकली.

पहिल्या संध्याकाळी साहेब माईकशिवाय गायले. अभ्यास उरकलेली पोरं जिन्यात बसली. सातव्या मजल्यावरच्या घैसास आजी लिफ्टने खाली आल्या आणि म्हणाल्या, “अहो रणपिसे, तुमचा गळा इतका गोड आहे, हे आज कळलं हो!”

सकाळी सुनेत्राताईंच्या ईमेलला साहेबांचं उत्तर आलं: ‘आज खुर्च्या जास्त मांडायला सांगा. आणि ताई, मनापासून आभार.’