उपरण्याच्या तीन गाठी

एका राज्यात रीत होती, आणि रीत शहाणी होती. मागल्या आयुष्यातली जी गोष्ट जोडीदाराला ठाऊक हवी, तिची गाठ उपरण्याला किंवा शेल्याला मारायची आणि बोहल्यावर ती सांगून सोडायची. राणी हेमांगीने मोडलेल्या वाङ्‌निश्चयाची आपली एकुलती एक गाठ सोडली आणि राजाला त्याच्या गाठी विचारल्या. राजा सुकेतू म्हणाला, "माझं काही नाही." दोन गाठींचं उपरणं पेटीत कोंबून आलेला हा राजा! काय म्हणावं अशा माणसाला! त्या खोट्याची तिसरी गाठ उपरण्याला आपोआप पडली, आणि तिन्ही गाठींचा शाप महालाला लागला.

पहिल्या महिन्यात मुदपाकखान्याचं दार आपोआप बंद झालं, दुसऱ्यात देवघराचं, तिसऱ्यात शयनगृहाचं. सुतार थकले, हत्ती थकले. तेव्हा छतावरचा धनेश पक्षी बोलला, "राणीसाहेब, गाठी पेटीत आहेत. ज्याच्या आहेत त्यानेच सांगून सोडाव्यात."

राणीने पेटी राजापुढे ठेवली.

"चंपकनगरीच्या राजकन्येवर माझं प्रेम होतं," राजा म्हणाला. "आता ती संसारात आहे. बस, एवढंच."

"पत्रं येतात?"

"नाही."

"मग ते कालचं. त्याचा मला राग नाही." गाठ सुटली, मुदपाकखाना उघडला.

"एवढंच" म्हणणाऱ्याचं कधी एवढंच असतं का? दुसऱ्या दिवशी राणीने पुन्हा विचारलं, तेव्हा राजा घाम पुसत म्हणाला, "वरातीतला तो उडता घोडा मी एका मांत्रिकाकडून उधार घेतला. तारण म्हणून, लग्नात येईल ते तळं लिहून दिलं."

"माझ्या आईने दिलेलं तळं?"

तेवढ्यात मांत्रिक कागद घेऊन हजर. राणीने तो शांतपणे वाचला.

"यावर माझी सही कुठे आहे?"

"पतीची आहे."

"तळं माझं स्त्रीधन आहे. ते तारण ठेवायचा अधिकार त्यांना नव्हताच. कर्ज त्यांचं, लग्नाआधीचं. घोडा न्या, झीज त्यांच्या खजिन्यातून घ्या."

मांत्रिक पुटपुटला, पण राणीची सही नसलेल्या कागदावर त्याचं काही चालेना. घोडा गेला, गाठ सुटली, देवघर उघडलं.

"आता तिसरी," राणी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "महाराज, हप्त्याहप्त्याने सत्य सांगता? दर वेळी मी नव्याने फसते. मला जीव नकोसा झालाय!"

राजा उठून तिच्यासह दरबारात गेला. तिथे सगळ्यांसमोर म्हणाला, "बोहल्यावर तू विचारलंस आणि मी खोटं बोललो. सांगितलं तर तू उठून जाशील, ही भीती होती. निर्णय तुझा होता, तो मी चोरला."

तिसरी गाठ सुटली. धनेश म्हणाला, "शाप संपला. महालातली सगळी दारं मोकळी झाली."

राणी उठून गेली. थोड्या वेळाने राजा धावत शयनगृहाकडे गेला. दार बंदच.

"धनेशा, हे का उघडत नाही?"

"महाराज," पक्षी म्हणाला, "शाप केव्हाच सुटलाय. आतून कडी आहे."

ती कडी निघायला पुरे चार महिने लागले. रोज संध्याकाळी राजा दाराबाहेर बसून, न विचारता, दिवसभराचं सगळं खरं सांगत राहिला. मग एके दिवशी आतून आवाज आला, "या. जेवण निवतंय."