चांदरीच्या मानेतली रेषा

सातपुड्याच्या एका घळीत एकदा एक वृद्ध पुराविद आपला एक शिष्य आणि एक शिष्या यांच्यासह मुक्कामाला होते. घळीच्या वर वालुकाश्माचा मोठा कडा पुढे झुकलेला होता आणि त्याच्या आडोशाला भिंतभर चित्रे होती. गवे, सांबर, रानडुकरे, नीलगाई. काही गेरूच्या लाल रंगात, काही पांढऱ्या मातीत. एकाच्या पाठीवर दुसऱ्याचे पाय, दुसऱ्याच्या पोटात तिसऱ्याचे शिंग. शेजारी कोरी भिंत मोकळी पडलेली असतानाही त्या माणसांनी जुन्या चित्रावरच नवे चित्र का काढले, हे अजून कोणी खात्रीने सांगितलेले नाही.

शिष्याला मात्र खात्री होती. त्याने एक निबंध लिहिला होता आणि तो पुढच्या आठवड्यात परिषदेत वाचायचा होता. ‘ही शिकारीची जादू आहे,’ असे त्याचे म्हणणे. आज भिंतीवर भाला खुपसलेला गवा काढायचा, म्हणजे उद्या रानात तो खरोखर पडतो. त्याचे निकषही ठरलेले होते. अंगात घुसलेली रेषा म्हणजे शस्त्र. पाय दुमडून पडलेले जनावर म्हणजे मारलेले जनावर. फुगलेले पोट म्हणजे गाभण मादी, अर्थात शिकार वाढावी ही इच्छा. बाकीच्या सगळ्या मतांना त्याने एका परिच्छेदात ‘भाबड्या कल्पना’ म्हणून निकालात काढले होते. विद्वानांचे एक बरे असते. ज्यांच्याविषयी ते बोलतात, ती माणसे उठून उलट उत्तर देत नाहीत.

गुरूंची शिष्या मात्र उलट उत्तर द्यायला तिथेच बसलेली होती.

“अरे, फ्रान्समधल्या त्या गुहेचं काय करशील?” ती म्हणाली. “तिथे जेवणातली जी हाडं सापडली, ती बहुतेक सगळी रेनडियरची. आणि भिंतीवर घोडे नि रानबैल! खाल्लं एक आणि काढलं भलतंच. जादू पोटासाठी होती तर जे खायचं तेच नको का काढायला?”

“मग तंद्रीत दिसलेलं भिंतीवर काढलं, हे तुझं मत खरं म्हणायचं?”

“का नाही? खोल काळोखात, ढोलाच्या तालावर, उपाशी बसलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठिपके दिसतात, नागमोडी रेषा दिसतात, मग त्यातून जनावरं उभी राहतात. ठिपके नि नागमोडी रेषा भिंतीवर आहेतच की.”

“इथे कुठे आलाय खोल काळोख? दिवसभर उजेड असतो या भिंतीवर!”

असा वाद रोज चाले. त्या दिवशी गुरुजींनी तो शांतपणे ऐकला आणि मग शिष्याला एकट्याला बाजूला घेऊन ते म्हणाले, “बाळ, खाली ओढ्यातून एक सुटी शिळा घेऊन ये. गेरू वाट, थोडा डिंक घाल, काडी चावून तिचा कुंचला कर. तुझ्या ओळखीचं एक जनावर काढ. कुणाला दाखवू नकोस. या भिंतीला मात्र बोटही लावायचं नाही.”

शिष्य मनातून वैतागला. परिषद तोंडावर आली आहे आणि आम्हाला चित्रकला शिकवतायत! पण गुरूंची आज्ञा मोडवेना. तो ओढ्याकाठी गेला आणि दुपारभर परतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी ती शिळा शिष्येपुढे ठेवली आणि वर निबंध ठेवला. “हे कुणी काढलं ते विचारू नकोस. तुझं मतही बाजूला ठेव. याच्या निकषांनी वाच आणि काय दिसतं ते सांग.”

ती मनापासून कामाला लागली. शिळा तिने उन्हात तिरपी धरली.

“म्हशीच्या जातीचं जनावर आहे. दगडाचा फुगवटा बरोबर पोटाखाली घेतलाय, जुने चित्रकार घ्यायचे तसाच. पोट फुगलेलं, म्हणजे गाभण. पाय दुमडलेत, मान मागे कुशीवर टाकलीय, म्हणजे मारलेलं. मानेत वरून एक लांब रेषा घुसलीय, हा भाला. समोर एक माणूस आहे, हात उगारलेला. हाच शिकारी. भाला नुकताच मारलाय. शिकारीच्या जादूचं इतकं स्वच्छ उदाहरण मी आजवर पाहिलं नव्हतं!”

“गप्प बस!” शिष्य एकदम ओरडला.

ती दचकली. त्याचा चेहरा उतरला होता.

“भाला नाही तो. सलाईनची नळी आहे. आमची चांदरी म्हैस आहे ती. व्याली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेचना. अंग गार पडलं, पोट फुगलं, मान अशी कुशीकडे वळवली. गुरांच्या डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली लावली. टांगायला तिथे काही नव्हतं, म्हणून आई हात वर करून बाटली धरून उभी होती. हात भरून आला तरी खाली घेईना. आणि तू... तू माझ्या आईला शिकारी म्हणतेस!”

शिष्येने हातातली शिळा अलगद खाली ठेवली.

“तिने काही चूक केली नाही,” गुरुजी म्हणाले. “तिने तुझाच निबंध वाचला. आणि तूही निश्चिंत होऊ नकोस गं. तुझ्या मताने वाचलं असतंस, तर पायाजवळची ही नागमोडी रेषा तंद्रीतली ठरली असती. काय आहे रे ती?”

“दावं,” शिष्य पुटपुटला.

“आता मला सांग, का काढलीस तू चांदरी?”

त्याने शिळा उचलून मांडीवर घेतली. “आठवण म्हणून... नाही. आईसाठी काढली असेन. काढताना छान वाटत होतं, तेही आहे. आणि खरं सांगू, गुरुजी? पाय काढताना एकदा मनात आलं की ही आता उठेल.”

“म्हणजे थोडी जादूही आहेच,” गुरुजी हसले. “तुझा सिद्धांत खोटा आहे असं मी म्हणतच नाही. धनुष्य ताणलेले शिकारी आपल्याकडच्या भिंतींवर स्पष्ट आहेत, तिथे शिकारच आहे. कुठे कुळाचं चिन्ह असेल, कुठे पोरांना जनावरांच्या सवयी शिकवल्या असतील, कुठे नुसता हौसेचा हात चालला असेल. स्पेनमधल्या एका गुहेत अंग मुडपून पडलेले, आपल्या गव्यांसारखे बायसन आहेत. कोणी म्हणतं मेलेत, कोणी म्हणतं वितायत, कोणी म्हणतं धुळीत लोळतायत. बाळ, एका दुपारी, एका दगडावर काढलेल्या तुझ्या चित्राला एक कारण पुरलं नाही. ही भिंत हजारो वर्षं, किती हातांनी रंगवली! तू जिवंत आहेस म्हणून ओरडू शकलास. त्यांच्या वतीने ओरडणारं कुणी नाही, म्हणून आपणच जपून बोलायचं.”

शिष्याने निबंध उचलला. जिथे जिथे ‘भाला’ लिहिले होते तिथे तो ‘रेषा’ लिहू लागला. दोन-तीन ठिकाणी मात्र तो थांबला, भिंतीपाशी जाऊन नीट पाहून आला आणि ‘भाला’ तसाच ठेवला. ‘भाबड्या कल्पना’ हा परिच्छेद त्याने पुरता खोडला.

शिष्या त्याच्याजवळ येऊन बसली. वाद घालण्याचा तिचा नेहमीचा आवाज आज नव्हता.

“ऐक ना,” ती हळूच म्हणाली, “वाचली का रे चांदरी?”

“नाही,” तो म्हणाला. “पारडू वाचलं. आईने बाटलीने दूध पाजून वाढवलं त्याला.”

दोघेही मग भिंतीवरच्या एका लाल गव्याकडे पाहत बसले. त्याच्याही मानेत एक रेषा होती. इतके दिवस ती कशाची यावर दोघे भांडले होते. त्या गव्याचे पुढे काय झाले असेल, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांच्याही मनात आले.